तेवढीच वाईन

विंचूरजवळच्या एका वाईनरीत चव घ्यायला आलेल्या पाहुण्यांना वाईन ओतून देणं, हे माझं काम होतं. आधी काहीतरी खाऊन घ्या, असं मी प्रत्येकाला सांगायचे. पोट रिकामं असलं की दारू तिथे फारशी थांबत नाही, लगेच आतड्यात उतरते आणि तिथून झपाट्याने रक्तात जाते. पोटात जेवण असलं तर ती हळूहळू पुढे सरकते. नवरा-बायको आले तर दोघांना सारखीच चढेल असं समजू नका, हेही सांगायचे. दारू अंगातल्या पाण्यात पसरते. धिप्पाड माणसाच्या अंगात पाणी जास्त, म्हणून ती विरळ होते. बाईचं वजन पुरुषाइतकंच असलं, तरी तिच्या अंगात बहुधा चरबी जास्त आणि पाणी कमी असतं.

आमच्या घरीही हेच दिसायचं. माझा नवरा उंचापुरा, भरलेल्या दंडांचा. सणासुदीला एकेक ग्लास घेतला की माझे कान गरम व्हायचे, मी उगाच हसत सुटायचे. तो मात्र जसाच्या तसा. तुला नुसता वासही पुरतो, म्हणून चिडवायचा.

मग त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. काही महिन्यांत दंडांचं मांस उतरलं, शर्ट खांद्यावरून घसरायला लागले. पुढे उपचार थांबवले. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना जे आवडेल ते द्या, घोटभर वाईनही चालेल.

लग्नाच्या वाढदिवशी दुपारी आम्ही गॅलरीत बसलो. सकाळपासून त्याच्या पोटात पेजेचे चार चमचे गेले होते. मी त्याच्या ग्लासात थोडीशीच ओतली. त्याने दोन्ही ग्लास शेजारी धरून पाहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "तुझ्याएवढी दे."

मी दिली.

अर्धा ग्लास संपायच्या आतच त्याची जीभ जड झाली. तो हसायला लागला, अगदी माझ्यासारखा. उठायला गेला तर पाय लटपटले. मी धरून बसवलं. माझ्या पोटात दुपारचं जेवण होतं, मी ठीक होते.

"चढली गं मला. तुला नाही चढली?"

"मलाही चढलीय," मी म्हणाले.

त्याने माझा हात चाचपला. "खोटं बोलतेस. आता मी तुझ्याहून हलका झालोय ना?"

इतक्या आजारपणात तो एकदाही रडला नव्हता. तेव्हा रडला. परक्या माणसांना जे हसत समजावायचे, तेच आता त्याच्या अंगात घडलं होतं. मी त्याला पलंगावर निजवलं आणि अंधार पडेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताला नुसते मणके लागत होते.

दिवाळीआधी तो गेला.

कामावर परतले तेव्हा एक जोडपं समोर येऊन बसलं. त्याला काहीच होत नाही, मलाच कशी चढते, असं तिने हसत विचारलं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि आत निघून गेले. त्याच आठवड्यात मालकांना सांगून मी बाटल्या भरायच्या विभागात बदली मागून घेतली. तिथे यंत्रांचा आवाज असतो, कोणाशी बोलावं लागत नाही.