प्रकाशदादाच्या आईला काय म्हणायचं?

वलगावकरांनो, आज प्रकाशदादाच्या घरी भेटायला गेलो होतो. दादा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला.

येणारा प्रत्येकजण वहिनीजवळ बसत होता, मुलांच्या पाठीवरून हात फिरवत होता. दादाची आई कोपऱ्यात एकटी. कोणी तिच्याजवळ गेलंच, तर म्हणायचं, "काकू, त्याचं सारं झालं होतं, नातू पाहिला त्यानं. आता सुनेले धीर द्या."

काकू नुसती मान हलवायच्या.

मी जवळ बसलो. "काकू, तुमचा प्रकाश गेला. फार वाईट झालं. मले सायकल त्यानंच शिकवली. मी पडलो, अन् रडला तो."

काकूंनी वर पाहिलं. "लहानपणापासून तसाच होता." मग माझा हात घट्ट धरला. "सकाळपासून कोणी त्याचं नावच नाही घेतलं रे. सारे सुनेचा नवरा गेला म्हणून येऊन राहिले. माहं लेकरू गेलं, हे कोणीच नाही म्हणत."

निघताना म्हणाल्या, "उद्या येशील काय? त्याचं अजून काही सांगजो."

मी अकोल्याला परत आलोय. ग्रुपवर हात जोडलेले फोटो टाकून झाले असतील, तर विचारतो. दादाची एखादी आठवण घेऊन उद्या कोण जाईल?