आजोबांच्या अक्षरांचा आकार

मुलांनो, तुमच्या आजोबांनी पोशीरच्या भातशेतीवर लिहिलेले लेख तुम्हाला तिकडे परदेशात वाचता यावेत, म्हणून माझ्या भाचीने वेबसाइट केली. पण त्यांनी स्वतः वर्डमध्ये टाइप केलेले लेख मी तिथे पेस्ट केले की अक्षरं लहानमोठी दिसत आणि मध्येच मोठ्या मोकळ्या जागा पडत. कोड उघडला, तर रिकामे पॅराग्राफ आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याभोवती स्पॅन नावाची खूण, त्यात फॉन्टचं नाव आणि आकार.

"मावशी, हा सगळा कचरा काढ. आकार साइट ठरवते," भाची म्हणाली.

मी ओळीने साफ करत गेले. सुरुवातीच्या लेखांत आकार बारा होता, पुढे सोळा, मग बावीस. शेवटच्या लेखात छत्तीस. त्याच दिवसांत मी त्यांच्यामागे लागले होते, की कर्जतला डोळे दाखवायला चला. "डोळे झकास हायत माझे. तूच तुझा चष्मा पूस गं," म्हणायचे.

आता विचारायला ते नाहीत. मी सगळे स्पॅन काढले, फक्त शेवटच्या लेखातलं शेवटचं वाक्य तसंच, छत्तीसमध्ये ठेवलं. तुमच्या फोनवर दोन शब्दांतच ओळ भरेल. भाचीला ते खटकतं. तुम्ही सावकाश वाचा.