वाचकाला सुचवायचं नसतं

मावशी दोन्ही तळहात पुढे करायची आणि म्हणायची, "ह्ये हितं, त्ये तितं. आता लावून बघू, म्याडम."

वसमतच्या आमच्या कॉलेजात ती पाणी द्यायची, वर्गातले फळे पुसायची आणि जाता-येता शिकवणं ऐकायची. अशा मावश्या तुम्हीही पाहिल्या असतील. आपण त्यांच्याकडे नीट बघत नाही, एवढंच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. एम.ए.ला मी शैलीविज्ञान शिकवायचे आणि स्वतःला फार मोठी संशोधक समजायचे. कवितेतली अनोळखी तुलना वाचक कशी उलगडतो, हा माझा विषय. वाचकाला लागणारा वेळ मोजायला खेळाच्या सरांचं घड्याळ गळ्यात घालून मिरवायचे. शिट्टी तेवढी नव्हती.

'पोटात आग पडली' वाचताना कुणी थांबत नाही. ते रूपक वापरून गुळगुळीत झालेलं असतं. नव्यापाशी वाचक अडखळतो. दोन्ही गोष्टी समोर धरतो, एकीचे गुण दुसरीला लावतो, बसत नाहीत ते टाकतो. काय बसेल, ते ज्याच्या त्याच्या जगण्यावर. मी हे पुस्तकांतून शिकले, मावशीच्या तळहातांत ते होतंच. म्हणून माझ्या प्रयोगात तिलाही वाचक केलं.

महिन्यापूर्वीच तिची थोरली लेक सासरी विहिरीत गेली होती. पाय घसरला, सासरचे म्हणाले. आता त्याच जावयाला धाकटी द्यायची बोलणी चालली होती, थोरलीची लेकरं सांभाळायला. नवरा राजी, मावशी नाही. हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. मलाही. पण प्रयोगाच्या ओळी, त्यात विहिरीचीही, छापून झाल्या होत्या. बदलल्या असत्या तर माझा प्रयोग बिघडला असता ना!

'विहीर म्हणजे गावाचा उघडा डोळा.'

पोरांनी पटकन सांगितलं होतं: गोल असते, ओली असते, आत आभाळ दिसतं. मावशीने या वेळी तळहात पुढे केले नाहीत. हात मांडीवरच.

"ह्यो डोळा मिटत न्हाई, म्याडम. पाय घसरला का कुणी लोटलं, ह्यानं बघितलंय."

मी हरखले! गोल, ओली, सगळं टाकून तिने साक्षीदार काढला होता. तो एकट्या विहिरीत नव्हता, एकट्या डोळ्यातही नव्हता. जुळणीतून निघाला होता. उलटं करून 'डोळा म्हणजे विहीर' म्हणा, खोली मिळेल, साक्ष नाही. भराभरा लिहून घेतलं.

ती माझ्याकडे बघतच होती. "पुढं इचारा की."

"मी नाही विचारायचं, मावशी. वाचकाला सुचवायचं नसतं."

"मंग कुणी इचारायचं?"

"पुढची ओळ घ्या," मी म्हणाले.

पंधरा दिवसांत धाकटीचं लग्न लागलं. त्याच आठवड्यात मी साक्षीदारावर तास घेतला. फार रंगला.

मावशीने नोकरी सोडली. नवराही सोडला. पोरीच्या सासरच्या गावात मजुरी करते, असं शिपायाने सांगितलं. सकाळी आधी विहिरीच्या कठड्यावर येऊन बसते. धाकटी घागर भरून घराकडे वळली, की मग उठून कामाला जाते.