मेन स्विच ओढायचं काम

नववीत शाळा सुटली. काही वर्षं मिळेल ते काम करत मी मराठवाड्यातून रत्नागिरीत येऊन पोचलो. तिथे एका काकांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता. मीटरच्या रीडिंगवरून ते गावोगावची वीजबिलं तयार करून द्यायचे. माझं शिक्षण न विचारता त्यांनी मला मशीनवर बसवलं. ते उपकार आठवून मला कायम धास्ती असायची: हातून काही बिघडलं तर परत गावी.

एका तालुक्याची बिलं काढायला अख्खा दिवस लागे. मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. "लाईटचीच बिलं, आणि लाईटच करू देत नाही मेली!" काका करवादायचे.

आमचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंनी तोड काढली. एक बिल पुरं झालं की त्या ग्राहकाचा नंबर आणि तोवरची बेरीज एका छोट्या फाइलीत नोंदवायची. लाईट आली की त्या खुणेच्या पुढून सुरू. मग मला म्हणाल्या, "मशीन चालू असताना मेन स्विच ओढ."

"मी? आणि जळलं तर?"

"जळलं तर मी आहे. लाईट जाताना तुला विचारून जाते काय?"

डोळे मिटून ओढला. पुन्हा चालू करून बघतो, तर एका ग्राहकाचं बिलच नाही! खूण आधी पडत होती आणि बिल मागाहून. नेमका मधल्या फटीत मी स्विच ओढलेला. बाई चिडण्याऐवजी टाळी वाजवून हसल्या. त्यांनी क्रम उलटा केला: बिल आधी डिस्कवर, मगच खूण. पुन्हा सुरू होताना खुणेपुढे काही लिहिलेलं सापडलं तर ते पुसायचं आणि तो ग्राहक नव्याने घ्यायचा. पुढे कितीतरी दिवस मी येता-जाता स्विच ओढत होतो. एकही बिल गळलं नाही, एकही दोनदा झालं नाही.

मग एकदा बाई रजेवर असताना दुपारी खरोखरीच लाईट गेली. बिलांची फ्लॉपी घेऊन मला संध्याकाळच्या एसटीने चिपळूणला जायचं होतं; सकाळी ती तिथल्या वीज ऑफिसात द्यायची होती. लाईट आली तशी काका म्हणाले, "पहिल्यापासून लाव. चुकीची बिलं गेली तर काम जाईल आपलं."

"पहिल्यापासून लावलं तर गाडी चुकते, काका. खुणेवरून लावतो."

"आणि घोळ झाला तर?"

"तर उद्या मी गावी जातो."

बोलून गेलो आणि खुणेच्या पुढून मशीन सुरू केलं. काम संपल्यावर काकांनी रीडिंगच्या कागदांवरची युनिटची बेरीज मशीनच्या बेरजेशी स्वतः ताडून पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. जुळली.

मग त्यांनी स्कूटर काढली. स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी भरत आली होती. काकांनी कंडक्टरला हाक मारली, "ओ, ह्याला बसायला जागा द्या हां. आमचा ऑपरेटर आहे."

तोवर मी त्यांच्या हाताखालचा नुसता पोरगा होतो.