विहिणीचं लुगडं

माझ्या लग्नाचं कापड घ्यायला आई आणि मी मेहकरला गेलो, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. वडील बैलांची दमणी घेऊन गुळाच्या बाजारात गेले आणि आम्हा दोघींना कापड दुकानाच्या ओट्यावर सोडून गेले. दुकानदार मोमीन होते, वयाने वडिलांपेक्षा मोठे. त्यांच्या घरी आधी माग होता. आई त्यांना चाचा म्हणायची, पण त्यांच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्यावरच नाही, कोणत्याच कापडवाल्यावर नव्हता.

त्याला कारण होतं. थोरल्या बहिणीच्या लग्नात दुसऱ्या एका दुकानातून विहिणीसाठी लुगडं घेतलं होतं, पांढऱ्या अंगाचं, लाल काठाचं. पहिल्याच धुण्यात काठाचा रंग सुटला आणि सगळं लुगडं गुलाबी झालं. बहिणीच्या सासूने ते फेकलं नाही. मुद्दाम नेसत राहिली. कोणी विचारलं की म्हणायची, "आमच्या विहीणबाईनं देल्लं." बहीण माहेरी आली की हे सांगून रडायची. आता माझ्या वेळी पुन्हा विहिणीचं लुगडं घ्यायचं होतं, आणि एक मला पाठवणीसाठी.

चाचांनी गादीवर पांढरी चादर झटकली आणि पहिली घडी उलगडली.

"हे पाहा बाई, नागपुरी. हातमागाचं हाय, गिरणीचं नाही. काठाच्या कडेले बारीक टाचण्यांची भोकं दिसतात का? मागावर कापड ताणून धराले टाचण्या लावतात, त्याची खूण हाय ही. पोत हात लावून पाहा, वैशाखात नेसा की माघात, अंगाले जड नाही होत. अन् काठ! तीन बोटं रुंद, दोन्हीकडून सारखा."

आईने हात लावला नाही. चाचांनी दुसरी घडी काढली.

"हे महेश्वरी. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. म्हणून तर इतकं हलकं. काठ पाहा, उलटा करा, सुलटा करा, दोन्हीकडून नेसता येते. हा बनारसी शालू. जरीचा पदर पाहा, आतमध्ये पिवळा धागा, त्याच्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वरतून सोन्याचं पाणी. घासून पाहा, खाली तांबं दिसलं तर मले सांगा. अन् हे इरकल. अंग सुताचं, पदर रेशमाचा, पण कुठं शिवण दिसते का? अंगाचा ताणा अन् पदराचा ताणा एकमेकांत फासे अडकवून जोडतात, मंग विणतात. एवढं करणारे हात आता कमी राह्यले."

आणि मग त्यांनी ते काढलं. मोरपंखी, सबंध झळझळीत, उजेडात धरलं की एकदा निळं आणि एकदा हिरवं दिसणारं. मी गादीजवळ सरकले.

"हे नवं, मुंबईहून येते. चमक पाहा बाई, मऊपणा पाहा, पाण्यासारखं घरंगळते. पोरीच्या अंगावर असं दिसन, की मांडवात दुसरीकडं कोणाची नजर जाणार नाही."

मी आईकडे पाहिलं. आई चाचांकडे पाहत होती.

"चाचा," ती म्हणाली, "नागपुरीचा तुमी पोत सांगितला, काठ सांगितला. रंगाचं काऊन नाही बोलले?"

चाचांनी नागपुरीची घडी जवळ ओढली. "पहिल्या पाण्यात रंग थोडा निघतेच, बाई. मंग बसते."

"मागच्या बारीले मले हेच सांगितलं होतं." आईने कमरेचा पांढरा रुमाल काढला, दुकानातल्या तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं आणि लाल काठाकडे हात नेला.

"अहो बाई, खळ हाय त्याले! ओलं केलं की डाग पडते, मंग कोण घेईन?"

"रंग निघाला नाही तर मीच घेईन. निघाला तर तुमचं तुमी पाहा."

चाचांनी हात मागे घेतला. आईने रुमाल काठावर जोर लावून चोळला. रुमाल उचलला तर त्यावर गुलाबी पट्टा उठला होता. चाचांनी घडी घातली आणि बाजूला ठेवली.

मग आईने इरकलचा लाल पदर ओढला. रुमालाचं कोरं टोक भिजवून चोळलं, पुन्हा भिजवून चोळलं. रुमाल पांढरा राहिला. पदराच्या दशीतला एक धागा तिने तोडला आणि काडीपेटी मागितली. धागा जळताना अस्सल रेशमाला येतो तसा, केस जळल्यासारखा वास आला, टोकाला काळी गोळी झाली, ती तिने बोटांत चुरली.

"हे विहिणीचं," ती म्हणाली.

मला वाटलं, आता आटोपलं. आई माझ्यासाठीही असंच काहीतरी गडद, टिकाऊ घेईल. मी मोरपंखीच्या काठाला बोट लावून बसले होते. आईने ते पाहिलं. तिने त्यातलाही एक धागा काढला आणि पेटवला. तो कागदासारखा भसकन जळून गेला, वास कागदाचाच, राख उडून गेली.

"हे रेशीम नोय, चाचा."

"मी रेशीम म्हटलंच नाही, बाई. आठवून पाहा. चमक म्हटली, मऊ म्हटलं."

हे खरं होतं. आईला हसू आलं, त्या दिवशी पहिल्यांदा. "हो, नाही म्हटलं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुले हेच पाहिजे?"

मी मान डोलावली.

"बांधा," आई म्हणाली. "काय हाय ते मले माहीत असलं म्हणजे झालं. चार दिवस मिरवन ते."

यावर चाचांनी घडी बांधायची सोडून माझ्याकडे पाहिलं. मघापासून ते फक्त आईशी बोलत होते. आता आवाज अगदी साधा झाला. "पोरी, नीट ऐक. हे कापड ओलं झालं की त्याचा जीव जाते. कोरडं असलं की मजबूत, ओलं असलं की कच्चं. दगडावर आपटू नको, पिळू नको. रिठ्याच्या पाण्यात बुचकळायचं, तसंच उचलून सावलीत पसरायचं. दुसऱ्याच्या हाती धुवाले देऊ नको."

लग्नात सासूने इरकल हातात घेतलं, आणि सगळ्यांसमोर अंगठ्याला थुंकी लावून तो पदरावर घासला. मी मांडवात बसून ते पाहत होते. तिने अंगठा पाहिला, लुगडं मांडीवर ठेवलं आणि पुढच्या आहेराकडे वळली. त्या लुगड्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. दिवाळीला मात्र नेसली, आणि पुढेही सणासुदीला तेच काढत राहिली. आईला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हाव, बरं झालं," आणि ज्वारी निवडत राहिली.

मोरपंखी मी चाचांनी सांगितलं तसंच धुतलं. सासरी जावा हसायच्या, की ही लुगडं धुते का मूल न्हाऊ घालते. ते चार दिवसांपेक्षा बरंच टिकलं. थोरला मुलगा रांगायला लागला त्या पावसाळ्यात मी आजारी पडले, तेव्हा एका जावेने माझ्या मदतीला म्हणून सगळे कपडे नदीवर नेले. मोरपंखी परत आलं ते मधोमध फाटून. ती बिचारी रडवेली झाली होती. धड राहिलेला भाग कापून दोन चोळ्या शिवल्या, एक तिला दिली.