मजकुराच्या माथ्यावर श्री

पनवेलमधली सर्वांत हुशार बाई कोण, असं नव्वदीच्या अखेरीस कोणी विचारलं असतं तर मी हात वर केला असता. कोणी विचारलं नाही, हे पनवेलचं नशीब.

मी तेव्हा एका लोणच्याच्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मोठा कारखाना नव्हता. मागे शेड, पुढे ऑफिसची खोली, आणि खोलीत इतका ठसका की नवीन माणूस आला की आधी शिंकायचा आणि मग नाव सांगायचा. माल दुबईच्या एका व्यापाऱ्याला जायचा. त्याने कळवलं, यापुढे फॅक्स नको, ई-मेल करा. मालकांनी कॉम्प्युटर आणला, टेलिफोनच्या वायरीला जोडला आणि माझ्यासमोर ठेवला. शिकवायला आलेल्या माणसाने दोन तासांत लिहायचं कसं, धाडायचं कसं, उघडायचं कसं एवढं दाखवलं. तो आणखीही काही सांगत होता, पण मी म्हटलं, "पत्रं मला नका शिकवू. वीस वर्षं तेच करतेय."

आणि तिथेच माती खाल्ली.

मेलच्या वरती एक लांबट चौकोन होता. आमच्या घरात वाण्याची यादीसुद्धा माथ्यावर श्री लिहिल्याशिवाय सुरू व्हायची नाही. कागदाची सर्वांत वरची जागा श्रीची, यात विचार करण्यासारखं काय आहे? मी त्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत 'श्री' टाईप केलं. पहिल्या मेलला केलं, दुसऱ्याला केलं, वर्षभर केलं. शिवाय लाल उद्गारचिन्ह लावायचं एक बटण होतं. ते मला फार आवडलं. तेही प्रत्येक मेलला, ईदच्या शुभेच्छांनासुद्धा.

विषय मी लिहीत नव्हते असं नाही हं! 'महोदय' झालं की खाली 'विषय' लिहून, अधोरेखित करून, व्यवस्थित लिहायची. म्हणजे मजकुराच्या पोटात. मेल उघडल्याशिवाय तो कोणाला दिसणार नाही, हे शहाणीच्या ध्यानात आलं नाही.

व्यापारीही आळशी. माझीच एखादी मेल उघडायचा, उत्तराचं बटण दाबायचा आणि मनात येईल ते लिहायचा. त्यामुळे त्याची प्रत्येक मेलसुद्धा 'उत्तर: श्री' अशीच यायची. दोन-तीनदा तर मला 'प्रिय श्री साहेब' म्हणून पत्र आलं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. साहेब म्हटलं होतं ना!

मग आंब्याचा हंगाम आला, आणि एका गुरुवारी दुपारी छापखान्यातून फोन. लेबलाची प्लेट तयार, फक्त एक सांगा: मालाची मुदत संपायची तारीख लेबलावरच छापायची, की नंतर चिठ्ठी चिकटवणार? संध्याकाळी सहापर्यंत कळवा, नाहीतर मशीनवर लग्नपत्रिका चढतील आणि तुमचा नंबर आठवड्याने.

मालक म्हणाले, "बाई, दुबईवाल्याने यावर काहीतरी लिहिलं होतं. काढा."

"काढते की."

"चुकीचं छापलं तर माल तिथल्या बंदरावरून परत येईल. आणि उशीर झाला तर जहाज जाईल. नीट बघा."

मी यादी उघडली. वरपासून खालपर्यंत उत्तर: श्री, उत्तर: श्री, उत्तर: श्री. जप चालल्यासारखं.

शोधायची सोय होती, तीही वापरली. 'लेबल' शब्द घातला, तर सगळ्याच मेल समोर आल्या. कारण लेबल नाही असं एक पत्र आमच्यात झालं नव्हतं. एकेक उघडत बसले. मिठाचं पत्र, फुटलेल्या बरण्यांचं पत्र, झाकणाचा रंग, पुन्हा मिठाचं. मालक मागे उभे. "बाई, हे काम जमत नसेल तर स्पष्ट सांगा. एखादी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी बघतो, तुम्ही मागे शेडमध्ये आंबे मोजा." गंमत नव्हती. त्यांच्या मेहुण्याची एक मुलगी शिकलेली होतीच.

दुबईला फोन लावला. दुकानातला माणूस म्हणाला, शेठ शारजाच्या गोदामात आहेत, फोन नाही, मेल बघतात.

तेवढ्यात शेडवरची मावशी फोडणीचा हिशेब विचारायला आत आली. आमच्या फोडणीचा सगळा कारभार तिच्या हातात, आणि जीभ फोडणीहून तिखट. गावाकडची, अक्षरओळख नाही. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत राहिली.

"बाय, मना वाचता नाय येत. पन ह्या सगल्या वली येकसारक्याच दिसतान."

"एकसारख्याच आहेत."

"आनि आतला माल?"

"वेगवेगळा."

"आगं बाय माजे!" ती खुर्चीच्या पाठीला धरून हसली. "माज्या पिंपांना मी चिंध्या बांधतंय. लाल चिंधी कैरीची, पिवली लिंबाची, गाठी जेवढे आठवडे तेवढ्या. झाकन उघडावं लागत नाय. तू यवढी शिकलेली, नि येकच चिंधी सगल्यांना?"

राग आला. पण खरं बोलल्यावर येतो तसला राग होता, फार टिकला नाही. शोधणं सोडलं आणि नवीन मेल लिहायला घेतली. चौकोनात या वेळी श्री नाही. अगदी कार्यालयीन थाटात लिहिलं: 'आपल्या बहुमोल ऑर्डरच्या संदर्भात आंब्याच्या लोणच्याच्या लेबलाविषयी सविनय...' पाठवायच्या मेलच्या यादीत पाहिलं तर 'आपल्या बहुमोल ऑर्डरच्या सं' एवढंच दिसत होतं. बाकीचं कापलेलं.

मावशी म्हणाली, "काय लिवलंस?"

दिसत होतं तेवढं मी वाचून दाखवलं.

"म्हंजे आंबा आलाच नाय अजून?"

खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं: 'आंबा लेबल: तारीख छापू की चिकटवू? उत्तर आज पाचपर्यंत, भारताचे पाच'. पहिल्याच शब्दात आंबा. आत दोन ओळी. लाल चिन्ह लावायला बोट गेलं होतं, मावशीकडे पाहिलं आणि मागे घेतलं. वायर जोडली, मोडेम किंचाळलं, मेल गेली.

चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर. 'लेबलावरच छापा. चिकटवलेली चिठ्ठी इथे चालत नाही. हे मी नऊ तारखेला लिहिलं होतं. तुमच्या अकरा मेल न उघडता पडल्या आहेत, आधीच्यांपैकीच असतील असं वाटलं. ही लगेच उघडली. नवीन माणूस ठेवलात का?'

मालकांनी वाचलं, छापखान्याला फोन केला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नवीन माणूस कोण?"

"मीच."

नऊ तारखेची मेल उघडली. फुटलेल्या बरण्यांच्या चार ओळींखाली, शेवटून दुसऱ्या वाक्यात, तारखेची गोष्ट होती. मी ती वाचलीही होती, उत्तरात 'नोंद घेतली' असंही लिहिलं होतं.

आलेल्या मेलची नावं मला बदलता येईनात. मग एक वही केली आणि सगळं वर्ष पुन्हा वाचून कोणत्या तारखेच्या श्रीमध्ये काय आहे ते लिहून काढलं. शनिवार गेला, सोमवार गेला. इथून पुढे मात्र त्याने मिठाच्या मेलला उत्तर म्हणून झाकणाचं लिहिलं, की मी वरचं मीठ खोडून 'झाकण: निळं की हिरवं' करून परत धाडायची. दोन महिन्यांत त्यालाही सवय लागली.

पुढे एकदा मालक घाईने आत आले, "मिठाचं प्रमाण कमी करायला सांगितलेली ती मेल..." म्हणेपर्यंत मला ती दिसली होती. ओळीवर बोटच होतं माझं. पण मी चष्मा पुसला, यादी वर नेली, खाली आणली, दोनदा उसासा टाकला आणि चांगली पाच मिनिटं लावली. काम सोपं आहे असं मालकांना वाटू देणं बरं नसतं.