‘अर्जदार हयात आहे’

वडील गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. एका महिन्यात ते जमाच झालं नाही, म्हणून आम्ही देवळाली कॅम्पातल्या बँकेत गेलो. संगणकात बघून शाखाधिकारी चाचरत म्हणाले, “वडिलांच्या मृत्यूची नोंद चुकून आईंच्या खात्याला लागलीय. लेखी अर्ज द्या, वरच्या कार्यालयात पाठवतो.”

आईने माझा दंड घट्ट धरला. मग बाकावर बसून तिनेच लिहिलं, ‘साहेब, मी मेलेली नाही. माझ्या गोळ्या बंद होतील हो.’

तो कागद वर पाठवण्याजोगा नव्हता. मी दुसरा घेतला. विषय, खाते क्रमांक, झालेली चूक, मग ‘अर्जदार हयात असून सदर नोंद दुरुस्त करून थकीत निवृत्तिवेतन जमा करावे, ही विनंती.’ सोबत हयातीचा दाखला आणि पेन्शन आदेशाची प्रत.

आईने वाचून विचारलं, “यातून कळेल ना त्यांना, मी आहे म्हणून?”

“कळेल,” मी म्हणाले. मला खात्री नव्हती.

पोच घेऊन आम्ही परतलो. पुढच्या महिन्यात थकबाकीसह पेन्शन आली. तोवर गोळ्या पुराव्यात म्हणून आई रोज अर्धीच गोळी खात होती, हे मला नंतर कळलं.